मोबाईलवर आलेल्या बिलाच्या ओळी तक्त्यात कशा आणायच्या? माल, नग, दर, कर आणि रक्कम वेगळी करण्याची सोपी रीत

कृषी सेवा केंद्रातून गटाने एकत्र माल उचलला, की दुकानदार बऱ्याचदा बिल व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवतो. मालाचं नाव, नग, दर, टक्के असं सगळं एका ओळीत असतं आणि खाली टोटल. पुढे गटाचा हिशेब ठेवणाऱ्याला प्रत्येक सभासदाच्या नावावर किती पडले ते काढायचं असतं. त्यासाठी त्या ओळींचा तक्ता करावा लागतो. एका रकान्यात माल, मग नग, दर, कराचे टक्के आणि शेवटी त्या ओळीची रक्कम.

हे काम मोबाईलमधल्या गूगल शीट्समध्ये एका सूत्राने होतं. पण ओळीतला कोणता आकडा नगाचा, कोणता दराचा आणि कोणता पिशवीच्या वजनाचा, हे मशीनला आपोआप कळत नाही. तिथेच चूक होते, आणि ती चूक कुणाच्या तरी खिशातून जाते. ही रीत एका बिलावर पाहू. यातला युरियाचा दर प्रत्यक्षातला आहे, बाकीचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत.

बिल असं आलं

```
युरिया 45किलो 10 बॅग 266.50/- 5%
19:19:19 1किलो 12 120 5%
कीटकनाशक 250मिली 6 420 18%
सोयाबीन बियाणे 30 4 2,900
लॅटरल 16एमएम 3 1,800 5%
एकूण 24,421
```

माणसाला हे वाचून लगेच समजतं. सोयाबीनच्या 30 किलोच्या 4 पिशव्या, पिशवीला 2,900 रुपये, बियाण्याला कर नाही. पण ओळी नीट पाहिल्या तर प्रत्येकीची मांडणी वेगळी आहे. कुठे नगापुढे 'बॅग' आहे, कुठे दरापुढे /- आहे, सोयाबीनच्या ओळीत कराचा आकडाच नाही. 19:19:19 हे तर मालाचंच नाव आहे, आणि तेही सगळं आकड्यांचं.

ओळ उजवीकडून वाचायची

मालाचं नाव किती शब्दांचं असेल याचा नेम नसतो. 'युरिया 45किलो' दोन शब्दांचं, 'सोयाबीन बियाणे 30किलो' तीन शब्दांचं. म्हणून डावीकडून मोजत गेलं की घोटाळा होतो. उलट ओळीच्या शेवटचे तीन आकडे मात्र ठरलेले असतात. सगळ्यात शेवटी कर, त्याच्या आधी दर, त्याच्या आधी नग. त्यांच्या डावीकडे जे काही उरेल ते मालाचं नाव.

सूत्रही असंच काम करतं. त्यामुळे ओळीची शिस्त एकच: माल, नग, दर, कर, याच क्रमाने, मधे जागा सोडून. पिशवीचं वजन किंवा बाटलीचं माप नावाला जोडून, आणि किलो, मिली, एमएम हे शब्द आकड्याला चिकटवून लिहायचे. '30 किलो' ऐवजी '30किलो'. हे चिकटवणं का महत्त्वाचं, ते सोयाबीनच्या ओळीत दिसेलच.

काही जण स्वल्पविरामाने ओळ तोडणारं SPLIT हे सूत्र वापरतात. ते सोपं आहे, पण खताच्या बिलात दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे 2,900 मधला स्वल्पविरामही ते तोडतं आणि 2 एका रकान्यात, 900 दुसऱ्या रकान्यात जातात. दुसरं म्हणजे 19:19:19 किंवा 10:26:26 असं नुसतं नाव वेगळं झालं की शीट त्याला घड्याळातली वेळ समजते. खताच्या ग्रेडची वेळ होऊन बसते आणि मालाचं नाव हरवतं. पुढे दिलेल्या सूत्रात हे दोन्ही होत नाही.

पेस्ट करताना

नवी शीट उघडा. पहिल्या ओळीत मथळे लिहा: A मध्ये 'मूळ ओळ', B मध्ये 'माल', C मध्ये 'नग', D मध्ये 'दर', E मध्ये 'कर टक्के', F मध्ये 'रक्कम' आणि G मध्ये 'करासह'. G कशासाठी ते पुढे येईल.

व्हॉट्सअॅपवर बिल एकाच मेसेजमध्ये असेल तर तो मेसेज कॉपी करा. चार-पाच वेगळे मेसेज एकदम निवडून कॉपी केले तर प्रत्येक ओळीच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव चिकटून येतं. मग 'माल' रकान्यात दुकानदाराचं नाव दिसू लागतं. तसं झालं तर ते आधी पुसा.

पेस्ट करताना A2 या चौकटीवर एकदाच टॅप करून ती निवडा आणि मग पेस्ट करा. प्रत्येक ओळ आपोआप खालच्या खालच्या चौकटीत जाते. दोनदा टॅप करून चौकट लिहिण्यासाठी उघडली असेल, तर सगळं बिल त्या एकाच चौकटीत कोंबलं जातं. असं झालं तर मागे फिरवा आणि पुन्हा पेस्ट करा. 'एकूण' ही ओळ तक्त्यात नको. ती खाली बाजूला ठेवा, शेवटी तपासायला लागेल.

सूत्र

B2 मध्ये हे सूत्र टाका:

```
=REGEXEXTRACT(TRIM(REGEXREPLACE(A2,"[,%₹]|/-","")),"^(.+) ([0-9.]+) ([0-9.]+) ([0-9.]+)$")
```

दिसायला अवघड आहे, पण त्याची कामं दोनच. आतला REGEXREPLACE ओळीतला स्वल्पविराम, टक्क्याची खूण, रुपयाची खूण आणि /- काढून टाकतो. TRIM जास्तीच्या मोकळ्या जागा काढतो. बाहेरचा REGEXEXTRACT शेवटचे तीन आकडे वेगळे करतो आणि उरलेलं मालाचं नाव म्हणून ठेवतो. सूत्र फक्त B2 मध्ये टाकायचं. C2, D2, E2 आपोआप भरतात. तिथे आधीच काही लिहिलेलं असेल तर #REF! असं दिसतं. मग त्या चौकटी रिकाम्या करा.

F2 मध्ये रक्कम काढणारं सूत्र:

```
=IF(ISERROR(B2),B2,ROUND(C2*D2*IF(G2="स",1,1+E2/100),2))
```

म्हणजे नग गुणिले दर, त्यावर कर, आणि B2 मध्ये चूक आली तर तीच F2 मध्येही दाखवायची. पण G2 मध्ये 'स' लिहिलं असेल तर दर करासह आहे असं समजून वर कर लावायचा नाही. B2 आणि F2 कॉपी करून खालच्या ओळींत पेस्ट करा. शेवटी F7 मध्ये टोटल:

```
=SUM(F2:F6)
```

सूत्रातली अवतरणचिन्हं सरळ हवीत. काही कीबोर्ड ती आपोआप वळणदार करतात, तेव्हा सूत्र चालत नाही. ती खोडून पुन्हा सरळ टाइप करा.

पहिली चूक स्वतःच ओरडते

सूत्र लावल्यावर युरियाच्या ओळीत #N/A येतं. कारण 10 आणि 266.50 यांच्या मधे 'बॅग' हा शब्द आहे. सूत्राला शेवटी सलग तीन आकडे हवे होते, ते मिळाले नाहीत. A2 मध्ये जाऊन 'बॅग' पुसलं की ओळ लगेच जुळते. /- साठी काही करावं लागत नाही, ते सूत्रच काढतं.

#N/A पाहून घाबरायचं नाही. ही चूक चांगली, कारण ती दिसते. एका ओळीत #N/A असेल तर खालची टोटलही #N/A दाखवते, म्हणजे चुकीची टोटल पुढे जातच नाही. मराठी आकडे टाइप केले असले तरीही हेच होतं. सूत्र 0 ते 9 हे इंग्रजी आकडेच ओळखतं, १० ला ते आकडा मानत नाही. कीबोर्ड बदलून आकडे पुन्हा लिहा.

दुसरी चूक गप्प बसते

सोयाबीनच्या ओळीत #N/A येत नाही. सगळे रकाने भरलेले दिसतात आणि रक्कम येते 3,600 रुपये. वरवर पाहणाऱ्याला त्यात काही खटकणार नाही. प्रत्यक्षात 4 पिशव्यांचे 2,900 प्रमाणे 11,600 रुपये होतात.

झालं असं, की दुकानदाराने कर शून्य म्हणून लिहिलाच नाही. मग शेवटचे तीन आकडे उरले 30, 4 आणि 2900. सूत्राने पिशवीचं वजन नग म्हणून घेतलं, नग दर म्हणून घेतला आणि दर कराचे टक्के म्हणून. 30 गुणिले 4 म्हणजे 120, त्यावर 2900 टक्के कर म्हणजे 3,480, मिळून 3,600. गणित बरोबर, ओळ चूक. हाच हिशेब पुढे गेला तर सभासदाला पिशवी 900 रुपयांना पडल्याचं दिसेल आणि उरलेले 2,000 रुपये पिशवीमागे ज्याने पैसे भरले त्याच्या अंगावर बसतील.

ही चूक ओळखायची जागा E रकाना. कराचे टक्के म्हणून येऊ शकणारे आकडे मोजकेच आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. त्यानंतरच्या शेतीच्या बिलात बहुतेक वेळा 0, 5 किंवा 18 दिसतात. पेरणीच्या बियाण्याला शून्य, खताला 5, रासायनिक कीटकनाशकाला 18. ठिबकची लॅटरल आधी 12 टक्क्यांत होती, ती 5 वर आली. त्या तारखेआधीचं बिल असेल तर 12 दिसणं साहजिक आहे. पण E मध्ये 2900 किंवा 266.50 असा आकडा दिसला, तर ती ओळ सरकली आहे हे नक्की.

उपाय दोन. कर नसेल तरी शेवटी 0 लिहायचा. आणि वजन चिकटवून '30किलो' असं लिहायचं. समजा कर लिहायचा राहिला, पण वजन चिकटवलेलं आहे. तर 'सोयाबीन बियाणे 30किलो 4 2900' या ओळीत शेवटी दोनच सुटे आकडे सापडतात आणि #N/A येतं. म्हणजे गप्प बसणारी चूक ओरडू लागते. चिकटवण्याचा खरा फायदा हाच. दुरुस्त ओळ अशी:

```
सोयाबीन बियाणे 30किलो 4 2900 0
```

असाच सरकण्याचा प्रकार आणखी एका बिलात होतो. काही दुकानदार ओळीच्या शेवटी त्या ओळीची रक्कमही टाइप करतात. मग शेवटचा आकडा कर नसून रक्कम असतो आणि सगळं एक घर सरकतं. अशा बिलात ती शेवटची रक्कम पुसून मगच सूत्र लावा.

तिसरी चूक: करावर पुन्हा कर

दोन्ही ओळी दुरुस्त केल्यावर टोटल येते 24,553.85. दुकानदाराने लिहिलंय 24,421. फरक 132 रुपये 85 पैसे. आता E रकान्यात एकही वेडावाकडा आकडा नाही, #N/A नाही. मग चूक कुठे?

इथे दर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावं लागतं. युरियाच्या 45 किलोच्या बॅगचे 266.50 रुपये ही बॅगवर छापलेली कमाल किंमत आहे आणि तिच्यात कर धरलेला असतो. तक्त्याने त्यावर परत 5 टक्के लावले. 10 बॅगचे 2,665 रुपये व्हायला हवेत, झाले 2,798.25. म्हणजे 133.25 जास्त. 10 बॅग वाटल्या तर प्रत्येक बॅगवर साधारण 13 रुपये 30 पैसे सभासदाकडून उगाच घेतले जातील.

G2 मध्ये 'स' लिहिलं, की युरियाची रक्कम 2,665 होते. तक्ता आता असा दिसतो:

```
माल                    नग  दर      कर  रक्कम
युरिया 45किलो            10  266.50  5   2665.00
19:19:19 1किलो          12  120     5   1512.00
कीटकनाशक 250मिली        6   420     18  2973.60
सोयाबीन बियाणे 30किलो     4   2900    0   11600.00
लॅटरल 16एमएम            3   1800    5   5670.00
टोटल                                    24420.60
```

24,420.60 आणि बिलाचे 24,421 यात 40 पैशांचा फरक उरला. तो दुकानदाराने पूर्ण रुपयात केलेला आहे. फरक 50 पैशांपर्यंत असेल तर हिशेब जुळला असं समजायला हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर एखादी ओळ चुकली आहे.

दर करासह आहे की करावेगळा, हे कसं ओळखायचं? छापील बिलात दरानंतर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन रकाने आणि त्यांच्या रकमा वेगळ्या दाखवल्या असतील, तर शक्यतो दर करावेगळा असतो. एमआरपीनेच माल दिला असेल तर दर करासह असतो. तरी खात्री नसेल तर एकाच ओळीचा नग गुणिले दर करून बघा. तो आकडा त्या ओळीच्या छापील रकमेशी जसाच्या तसा जुळला, तर कर आतच आहे. एकाच बिलात दोन्ही प्रकारच्या ओळी असू शकतात, जशा या बिलात आहेत. म्हणून 'स' ओळीगणिक लिहायचा, सगळ्यांना एकदम नाही.

छापील बिलावरून टाइप करताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीत कर दोन भागांत लिहिलेला असतो. 18 टक्के असेल तर सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9. घाईत फक्त 9 टाइप झाला, तर कर अर्धाच धरला जातो आणि टोटल कमी येते. दोन्हींची बेरीज लिहा. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर तो ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. त्याच्या बिलाला सगळीकडे 0 लिहा.

फरकावरून चूक शोधता येते

टोटल जुळली नाही तर सगळ्या ओळी पहिल्यापासून तपासत बसायची गरज नसते. फरकाचा आकडा बरंच सांगतो. तक्त्याची टोटल जास्त आली आणि तो फरक एखाद्या ओळीच्या करातल्या रकमेएवढा असेल, तर त्या ओळीला 'स' लिहायचा राहिला आहे. टोटल कमी आली आणि फरक एखाद्या ओळीच्या अर्ध्या कराएवढा असेल, तर 9 किंवा 2.5 एवढंच टाइप झालं आहे. फरक हजारांत असेल तर बहुतेक ओळ सरकली आहे, E रकाना बघा. फरक बरोबर एखाद्या ओळीच्या रकमेएवढा असेल, तर ती ओळ कॉपी होताना राहिली किंवा दोनदा आली.

सवलत दिली असेल तर ती या सूत्रात बसत नाही, कारण वजाचा आकडा ते ओळखत नाही. सवलतीची रक्कम टोटलच्या खाली वेगळी लिहून हाताने वजा करा. हमालीची ओळ मात्र बसते: बिलात कर लावलेला नसेल तर 'हमाली 1 200 0' अशी लिहायची.

एक लक्षात ठेवायचं. C, D, E मधले आकडे शीटच्या लेखी मजकूर असतात. गुणाकार करताना शीट त्यांना आकडा मानते, म्हणून F बरोबर येतो. पण एकूण किती नग झाले म्हणून C रकान्याला SUM लावला तर 0 येईल. नगांची बेरीज हवी असेल तर हे वापरा:

```
=SUMPRODUCT(C2:C6*1)
```

A रकान्यातली मूळ ओळ पुसू नका. सूत्र तिच्यावरच चालतं, ती गेली की त्या ओळीत #N/A येतं. शिवाय सभासदाने 'हे 2,900 कुठून आले' असं विचारलं, तर दुकानदाराने पाठवलेली ओळ आणि तिचा हिशेब शेजारी शेजारी दाखवता येतो. ओळ दुरुस्त करायच्या आधी व्हॉट्सअॅपवरचा मूळ मेसेजही ठेवून द्यावा, म्हणजे काय आलं होतं आणि काय बदललं हे दोन्ही हाताशी राहतं.